एक पावसाळा उलटल्यावरची साक्ष



काळभैरवनाथाच्या या सोनारीत आपण घरदुरुस्तीच्या व्यवसायातले लोक ग्राहकांच्या व्हिडिओ अभिप्रायांवर बोलायला जमलो आहोत. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की आपण हे अभिप्राय चुकीच्या दिवशी घेतो. काम संपलं, घर झाडूनपुसून झालं, रंगाचा वास अजून ताजा आहे, आणि त्याच संध्याकाळी आपण ग्राहकाला मोबाईलसमोर उभं करतो. तो म्हणतो, ‘काम एक नंबर झालं, सगळ्यांनी यांच्याकडूनच करून घ्यावं.’ तो खोटं बोलत नसतो. पण त्या दिवशी त्याला ठाऊक असतं ते एवढंच की भिंती छान दिसतात. गळती थांबली का, ओल परत आली का, दार पावसात फुगलं का, हे त्याला कळायला अजून काही महिने जायचे असतात. पुढच्या ग्राहकाला तर नेमकं तेच ऐकायचं असतं.

गळक्या स्लॅबचं काम घ्या, कारण आपल्या भागात सर्वाधिक चौकशी त्याचीच असते. जुना कोबा काढायचा, तडे खोलून पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरायचे, वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्यायचे, पॅरापेटच्या बुडाशी गोलाई करायची आणि शंभर फुटांना एक फूट या हिशेबाने उतार देऊन नवा कोबा घालायचा. हे काम बहुतेक वेळा एप्रिल-मेमध्ये होतं. यात चित्रीकरणाच्या वेळा तीन आहेत. पहिली काम सुरू करण्याआधी: छतावरचे पिवळे डाग, पोपडे, आणि पाऊस आला की कुठल्या खोलीतलं काय हलवावं लागतं ते ग्राहकाच्या तोंडून. ही वेळ एकदा चुकली की परत मिळत नाही, आणि घाईत आपण नेमकी तीच चुकवतो. दुसरी पाणी साठवून घेतलेल्या चाचणीची. गच्चीच्या पन्हाळ्या बंद करून दोन-तीन इंच पाणी दोन-तीन दिवस ठेवायचं आणि खालून छत दाखवायचं. स्लॅब जुना व कमकुवत असेल तर आधी अभियंत्याला विचारायचं, कारण तीन इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला सुमारे पंचाहत्तर किलोचा भार. ही चाचणी मात्र आपला पुरावा झाली, ग्राहकाचा नव्हे. ग्राहकाची खरी साक्ष तिसऱ्या वेळी मिळते.

ती वेळ कोणती, हे इथला पाऊस ठरवतो. परंडा-भूमच्या पट्ट्यात जून-जुलैचा पाऊस तुटक असतो. छताची खरी परीक्षा घेतो तो सप्टेंबरचा पाऊस. 2025 च्या सप्टेंबरात याच भागात अतिवृष्टी होऊन पूर आला, हे आपण सगळे जाणतो. जुलैमध्ये ‘गळती थांबली’ असं म्हणणाऱ्या घराची खरी परीक्षा तेव्हा अजून व्हायचीच असते. पण फार उशीरही चालत नाही. दिवाळीच्या तोंडावर लोक घराला रंग देतात आणि रंगाखाली ओलीचे डाग झाकले जातात. म्हणून पाऊस सरल्यावर आणि दिवाळीचा रंग लागण्याआधी जायचं, पहिल्या वेळी जिथे उभे होतो तिथेच उभं राहून तेच छत दाखवायचं.

यावर हरकत येते ती अशी, की सहा महिन्यांनी ग्राहकाचा उत्साह उरत नाही, मग बोलणार कोण? हरकत खरी आहे. काही जण नाही म्हणतील आणि आपल्याकडे व्हिडिओ कमी जमतील. पण ही फेरी आपण कामाची पाहणी म्हणूनही करायला हवीच. कुठे ओल दिसली तर ती आपल्याला शेजाऱ्यांच्या आधी कळते. आणि जो ग्राहक ताब्याच्या दिवशी हसत बोलला होता, तो आता टाळाटाळ करत असेल, तर त्या घरात काय बिघडलंय ते पाहायला आपण पोहोचलो, हा लाभ व्हिडिओपेक्षा मोठा आहे.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे: ग्राहकाने कशाची साक्ष द्यावी? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात आपल्या या जिल्ह्यात आणि लातूरमध्ये घरं कोसळली. त्यांत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची, वर मातीचं जड माळवद असलेली घरं फार होती. आदल्या दिवशी त्या घरांत राहणाऱ्याला विचारलं असतं, तर घर भक्कम आहे असंच त्याने मनापासून सांगितलं असतं. भिंतीच्या दोन थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड आत नाहीत, हे राहणाऱ्याला दिसत नाही. म्हणून ‘आता घर मजबूत झालं’ हे वाक्य ग्राहकाच्या तोंडून आलं तर ते मी कापून टाकेन, कितीही मनापासून आलेलं असलं तरी. मजबुतीबद्दल अभियंत्याने लेखी सांगावं. ग्राहकाने सांगावं ते गळती, धूळ, उशीर, पैसे आणि कामगारांची वागणूक यांबद्दल. त्या बाबतीत त्याच्याइतका जाणकार दुसरा कोणी नाही.

आणि घरातल्या कोणाला विचारायचं, हेही पाहायला हवं. पैसे देणारा पुरुष बहुधा कॅमेऱ्यासमोर येतो, पण स्वयंपाकघराचा ओटा बरोबर उंचीचा झाला की नाही हे तिथे रोज उभी राहणारी बाईच सांगू शकते. तिला पाठ केलेली वाक्यं देऊ नका, प्रश्न विचारा. ‘ताई, काम ठरल्या तारखेला झालं का? किती दिवस लांबलं? ठरल्यापेक्षा पैसे वाढले का, कशामुळे? अजून काय खटकतं?’ उत्तर संपलं असं वाटलं तरी थोडं थांबा. बऱ्याचदा खरी गोष्ट त्यानंतर येते. ती इथल्या बोलीतच राहू द्या. प्रश्न ठेकेदाराने स्वतः विचारू नयेत, आणि शेवटचा हप्ता बाकी असताना तर मुळीच नाही. खिडकी तिच्या समोर असावी, पाठीमागे नको, आणि पंखा बंद करावा. एवढ्याने चित्र आणि आवाज दोन्ही पुरेसे येतात.

‘खटकतं काय’ हे दाखवलं तर गिऱ्हाईक पळेल, अशी भीती अनेकांनी बोलून दाखवली आहे. समजा एक बाई सांगते की काम बारा दिवस लांबलं, न्हाणीघराचा उतार उलटा पडला होता, मग फरशी काढून परत बसवली आणि त्याचे जादा पैसे घेतले नाहीत. हे ऐकणाऱ्याला दोन गोष्टी कळतात: या लोकांचं काम लांबू शकतं, आणि चूक झाली तर ते परत येतात. ज्याचं घर खोदायचं आहे त्याला दुसऱ्या गोष्टीची काळजी जास्त असते. ज्याला बारा दिवसांचा उशीर चालणार नाही, तो आपल्याकडे आला नाही तर पुढचं भांडण टळलं. मात्र उलटा पडलेला उतार दुरुस्तच केला नसेल, तर तो व्हिडिओ वापरण्याचा प्रश्न नाही. आधी फरशी काढावी.

तरीही निवड आपण करतो हे उरतंच. खूश ग्राहक दाखवायचे आणि नाराज वगळायचे, तर प्रत्येक व्हिडिओ खरा असूनही एकूण चित्र खोटं होतं. याला पूर्ण उपाय माझ्याकडे नाही. पण वर्षभरात किती कामं केली, त्यातल्या किती घरी पावसाळ्यानंतर गेलो आणि किती जण बोलले, हे आकडे व्हिडिओसोबत द्यावेत. कामाची तारीख आणि चित्रीकरणाची तारीखही पडद्यावर दिसावी. अभिप्रायासाठी बिलात सूट दिली असेल तर तेही सांगावं. केंद्र सरकारच्या 2022 च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक सूचनांना असा संबंध उघड केलेला हवा असतो, आणि शिफारस करणाऱ्याचं मत खरं व त्या काळातलं असावं अशीही त्यांची अपेक्षा आहे.

शेवटी संमती. ती लेखी आणि मराठीत घ्यावी: व्हिडिओ कुठे दिसेल, किती काळ, आणि नको वाटला तर कोणाला कळवायचं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमती परत घेण्याचा हक्क मान्य केला आहे, आणि ती परत घेणं ती देण्याइतकंच सोपं असावं असं म्हटलं आहे. चित्रीकरण झाल्यावर तो तुकडा आधी त्या घरालाच दाखवा. कपाटाची जागा, दाराचं कुलूप, लहान मुलं, शेजारचं अंगण, यांतलं काही आलंय का ते त्यांनाच पाहू द्या आणि त्यांनी बोट ठेवलेलं काढून टाका. व्हॉट्सअॅपवर एकदा पुढे गेलेला व्हिडिओ परत बोलावता येत नाही. त्यामुळे हे दाखवणं तो कोणालाही पाठवण्याआधी झालेलं असावं, आणि संमतीच्या कागदावर त्याचीही तारीख असावी.