एकच पांढरी पूड, दोन वेगळ्या गोष्टी



संभाजीनगरच्या कुठल्याही जिममध्ये सकाळी डोकावले, तर पाण्याच्या बाटलीत पांढरी पूड घोळवणारी दोन-चार मुले दिसतातच. ही पूड म्हणजे क्रिएटिन मोनोहायड्रेट. हीच पूड काही लहान मुलांना डॉक्टर औषध म्हणून देतात आणि ती त्यांना बहुधा जन्मभर घ्यावी लागते. जिममधल्या तरुणाच्या शरीरात क्रिएटिन असतेच, तो त्यात थोडी भर घालतो. या मुलांच्या मेंदूत ते जवळजवळ नसतेच.

क्रिएटिनचा शोध १८३२ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी मांसाच्या अर्कात लावला. मांस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव मिळाले. त्यामुळे हा पदार्थ फक्त मांसाहारातून मिळतो, असा समज होतो. तसे असते, तर माळकरी घरातल्या प्रत्येक मुलाला क्रिएटिनच्या अभावाचा आजार झाला असता. तसे होत नाही, कारण शरीर स्वतःच क्रिएटिन तयार करते. मुख्यतः मूत्रपिंडात आर्जिनिन आणि ग्लायसिन या दोन अमिनो आम्लांपासून ग्वानिडिनोअ‍ॅसिटेट नावाचा अर्धवट माल बनतो. मग यकृतात त्याचे पक्के क्रिएटिन होते. शेवटी ते रक्तातून स्नायूंत आणि मेंदूत शिरते, पण त्यासाठी पेशीच्या आवरणात एक खास दार लागते. स्नायूला आणि मेंदूला एकदम जास्त ऊर्जा लागली की हाच साठा कामी येतो.

या साखळीत तीन ठिकाणी बिघाड होऊ शकतो, म्हणून आजारही तीन आहेत. पहिल्या टप्प्याचे विकर नसेल तर एजीएटी कमतरता, दुसऱ्याचे नसेल तर जीएएमटी कमतरता आणि दार बंद असेल तर क्रिएटिन वाहक कमतरता. पहिले दोन आजार आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच होतात. आईवडील स्वतः ठणठणीत असतात, पण प्रत्येक गरोदरपणात धोका चारात एक इतका असतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत असलेल्या घरांत दोघांकडे एकच सदोष जनुक असण्याची शक्यता वाढते. तिसरा आजार मुख्यतः मुलग्यांना होतो आणि तो बऱ्याचदा आईकडून येतो.

यातला जीएएमटीचा आजार कसा सापडला, ती हकिगत नीट ऐकण्यासारखी आहे. जर्मनीतल्या ग्योटिंगेन शहरात एका लहान मुलाची वाढ पहिल्या काही महिन्यांनंतर खुंटली. त्याच्या हातापायांच्या हालचाली वेड्यावाकड्या होऊ लागल्या. सिल्विया श्टोक्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नजरेस एक साधी गोष्ट आली. मुलाच्या रक्तात आणि लघवीत क्रिएटिनिन फारच कमी होते. क्रिएटिनिन म्हणजे क्रिएटिनचा नैसर्गिक कचरा. शरीरातल्या साठ्यापैकी रोज साधारण पावणेदोन टक्के क्रिएटिन असे वाया जाते. मालच नसेल, तर कचरा कुठून येणार?

डॉक्टरांनी मेंदूची स्पेक्ट्रोस्कोपी केली. ही एमआरआयच्याच यंत्रावर होणारी तपासणी असून तिच्यात मेंदूतल्या रसायनांचा आलेख निघतो. निरोगी मेंदूच्या आलेखात क्रिएटिनचे ठळक शिखर असते. या मुलाच्या आलेखात ते नव्हते. आधी त्याला कच्चा माल म्हणून आर्जिनिन देऊन पाहिले. मेंदूत अर्धवट माल वाढला, पण क्रिएटिन काही वाढले नाही. बिघाड दुसऱ्या टप्प्यावर आहे, हे त्यावरून कळले. मग तोंडावाटे थेट क्रिएटिन सुरू केले. मेंदूतले क्रिएटिन हळूहळू वाढू लागले, अर्धवट माल कमी झाला आणि मुलाच्या प्रकृतीत ठळक फरक पडला. हे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले.

आता जिममधला चमचा आणि या मुलाची मात्रा शेजारी ठेवून पाहू. सत्तर किलोचा तरुण रोज तीन ते पाच ग्रॅम क्रिएटिन घेतो. म्हणजे दर किलो वजनामागे जेमतेम चाळीस ते सत्तर मिलिग्रॅम. जीएएमटीच्या मुलाला दर किलोमागे चारशे ते आठशे मिलिग्रॅम लागतात, दिवसातून अनेक वेळा विभागून. दहा किलोच्या बाळाला निदान चार ग्रॅम. एवढे क्रिएटिन मटणातून द्यायचे, तर रोज जवळपास किलोभर मटण लागेल. तेही या बाळाला चालणार नाही, कारण मांसातल्या प्रथिनांबरोबर आर्जिनिन येते, त्यापासून अर्धवट माल वाढतो आणि तो मेंदूला घातक असतो. म्हणून अशा मुलांना क्रिएटिनबरोबर ऑर्निथिन देतात आणि आहारातले आर्जिनिन मोजूनमापून कमी करतात. हे सगळे रक्त-लघवीच्या तपासण्यांवर नजर ठेवून, चयापचय विकारांच्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चालते. तरुणाचे स्नायू काही दिवसांत ते काही आठवड्यांत क्रिएटिनने भरतात. मुलाच्या मेंदूला महिनोन्महिने लागतात, कारण रक्तातून मेंदूत शिरण्याची वाट फार अरुंद आहे.

वाहक कमतरतेत ही वाट बंदच असते. रक्तात क्रिएटिन पुरेसे असते, लघवीतून तर ते जास्तच जाते, पण मेंदू रिकामा राहतो. अशा मुलाला डबेच्या डबे दिले, तरी फारसे काही साधत नाही. तिन्हींत हा आजार सर्वाधिक आढळतो आणि त्यावर आजही समाधानकारक उपचार नाही. मुलाला क्रिएटिन कमी आहे एवढे कळून भागत नाही, बिघाड नेमका कुठे आहे हे कळावे लागते, ते यासाठी.

निदान चुकते, कारण लक्षणे ओळखीची असतात. बोलणे उशिरा येणे, आकडी, मतिमंदत्व, स्वमग्नतेसारखे वागणे. आणि प्रयोगशाळेच्या कागदावर सहसा जास्त आलेल्या क्रिएटिनिनकडेच लक्ष जाते. जिमला जाणाऱ्याचे ते क्रिएटिनमुळे किंचित वाढलेले दिसले, की मूत्रपिंड बिघडले अशी भीती वाटते. पूड घेतोय हे त्याने डॉक्टरांना सांगितले, तर घोटाळा टळतो. लहान मुलाचे क्रिएटिनिन मुळातच कमी असते, त्यामुळे अगदी कमी आकड्याकडे कुणी पाहत नाही. शिवाय ते नेहमीच कमी निघेल, याचीही खात्री नाही. म्हणून खरी तपासणी लघवीतल्या आणि रक्तातल्या क्रिएटिन व ग्वानिडिनोअ‍ॅसिटेटची. त्यातही एक खाचखळगा आहे. लघवीतल्या बहुतेक रसायनांचे आकडे क्रिएटिनिनने भागून लिहितात. भाजकच लहान झाला, की सगळीच रसायने वाढलेली दिसतात आणि तपास भलतीकडे जातो.

वेळेवर निदान झाले, तर काय होते? एजीएटीचा आजार असलेल्या एका घरात पुढच्या बाळाचे निदान जन्मतःच झाले. चौथ्या महिन्यात उपचार सुरू झाले आणि दीड वर्षाचे झाले तेव्हा त्याची वाढ सामान्य होती. अमेरिकेत युटा आणि न्यूयॉर्क राज्यांनी नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर जीएएमटीची तपासणी सुरू केली. २०२३ मध्ये तिथल्या राष्ट्रीय शिफारस यादीतही हा आजार आला. भारतात अशी देशव्यापी तपासणी अजून नाही.

म्हणून पालकांना एक विनंती आहे. मुलाचे बोलणे किंवा वाढ मागे पडली असेल, आकडी येत असेल आणि कारण सापडत नसेल, तर घाटी रुग्णालयात असो वा खासगी दवाखान्यात, डॉक्टरांना क्रिएटिनच्या तपासणीबद्दल विचारा. मेंदूचा एमआरआय होणारच असेल, तर त्याच वेळी स्पेक्ट्रोस्कोपी करता येईल का, हेही विचारा. आणि नमुने घेण्याआधी घरातल्या कुणाच्या डब्यातली पूड मुलाला देऊ नका. तिने तपासणीचे आकडे बिघडतात आणि आजार नेमका कुठला, हे ओळखणे अवघड होऊन बसते.