तारीख ठरवण्याआधी



जोडीदाराची निवड, घरच्यांचं मत आणि आपली श्रद्धा यांवर मी बोलावं, असं प्राचार्यांनी सांगितलं. आमच्या धर्मग्रामात मी लग्न ठरलेल्या मुलामुलींचे तयारीवर्ग घेते, म्हणून हा विषय माझ्याकडे आला. पण या सभागृहात आल्यापासून मनात दुसरंच चाललंय. समोर पहिल्या रांगेत आमचे तर्कशास्त्राचे सर बसले आहेत. सर, तुम्ही याल असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मागच्या इमारतीतल्या कोपऱ्यातल्या वर्गात तुम्ही शिकवायचात. पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस एवढा वाजायचा, की तुम्ही बोलणं थांबवून फळ्यावर लिहायला लागायचात. सरांचा नियम होता: उत्तर लिहिण्याआधी वहीत वरच्या ओळीत प्रश्न लिहायचा, स्वतःच्या शब्दांत. प्रश्न न लिहिता आलेलं उत्तर सर वाचतच नसत. नायगावहून आणि नालासोपाऱ्याहून लोकलने लोंबकळत येणारी आम्ही मुलं कुरकुरायचो. आज मी जे काम करते, त्यातलं निम्मं त्या एका नियमावर चालतं. आज दुसरं काहीही विसरलात तरी चालेल, पण तारीख ठरवण्याआधी प्रश्न लिहा.

वसई-विरारमध्ये हे बोलायला फार महत्त्व आहे, कारण या एका सभागृहात किती घरं बसली आहेत पाहा. सामवेदी ख्रिस्ती आहेत, वाडवळ आहेत, आगरी-कोळी आहेत, घाटावरून आणि तळकोकणातून विरारला आलेली कुटुंबं आहेत, मुसलमान आहेत, बौद्ध आहेत. एका बाकावर बसून शिकलेल्या मुलामुलींची मनं जुळणार, हे स्वाभाविक आहे. माझा त्याला विरोध नाही. माझा आग्रह पुढच्या बोलण्याबद्दल आहे.

एका जोडप्याची गोष्ट सांगते. ओळख पटेल असं काही सांगणार नाही. मुलगी कॅथलिक, आपल्याच पट्ट्यातल्या गावची. मुलगा हिंदू, घरी पाच दिवसांचा गणपती. दोघं नोकरीला, वर्षानुवर्षांची ओळख. ती दोघं माझ्याकडे आली तेव्हा हॉल ठरला होता, आगाऊ रक्कम दिली होती आणि बेत असा होता की सकाळी चर्चमध्ये लग्न, संध्याकाळी मांडवात सप्तपदी, म्हणजे दोन्ही आया खूश. ऐकायला किती सोपं वाटतं! मी त्यांना प्रश्न लिहायला बसवलं, आणि पहिल्याच प्रश्नावर गाडी अडली.

आमच्या धर्मसभेच्या कायद्यानुसार कॅथलिक व्यक्तीला बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्न करायचं, तर बिशपांची खास सूट लागते. त्यासाठी जोडीदाराने धर्म बदलावा लागत नाही, आणि ही गोष्ट दोन्हीकडच्या घरांना नीट सांगावी लागते, कारण मुलाच्या आईला तीच भीती असते. सुटीसाठी कॅथलिक मुलीला वचन द्यावं लागतं, की मी माझी श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांचा बाप्तिस्मा व्हावा, त्यांना कॅथलिक वळण मिळावं, म्हणून माझ्या परीने सर्व प्रयत्न करीन. मुलाने असं वचन द्यायचं नसतं. पण तिने ते दिलं आहे, हे त्याला स्पष्टपणे सांगितलं पाहिजे, असा नियम आहे. आणि जो नियम बहुतेकांना ऐनवेळी कळतो तो असा, की चर्चमध्ये लग्नाची संमती दिल्यावर त्याच लग्नासाठी दुसऱ्या धर्मविधीने पुन्हा संमती द्यायची नाही, आधीही नाही आणि नंतरही नाही. म्हणजे संध्याकाळची सप्तपदी बसत नाही. घरच्यांचं जेवण, वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद ही वेगळी गोष्ट.

मुलगा म्हणाला, मग चर्च राहू दे, फक्त मांडवात करू. हिंदू विवाह कायदा दोन हिंदूंमधल्या लग्नाला लागू होतो, आणि त्यात बौद्ध, जैन, शीखही येतात. एक जण ख्रिस्ती असताना केलेली सप्तपदी त्या कायद्याखाली वैध लग्न ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केलं आहे. फोटो निघतील, अक्षता पडतील, पाहुणे जेवून जातील आणि कायद्याच्या दृष्टीने ती दोघं अविवाहितच राहतील. पुढे वारसाहक्काचा प्रश्न आला किंवा काही बिनसलं, की याची किंमत बहुतेकदा मुलीला मोजावी लागते.

तिसरा रस्ता १९५४च्या विशेष विवाह कायद्याचा. तो चांगला रस्ता आहे, पण माहिती घेऊन त्यावर चाला. दोघांपैकी एक जण जिथे किमान ३० दिवस राहिला आहे, त्या जिल्ह्यातल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. ती नोटीस कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावतात. हरकतीसाठी ३० दिवस थांबायचं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसमोर लग्न करायचं. उशीर झाला तर पुन्हा नवी नोटीस. इथे काय बिघडतं, तर घरी न सांगता नोटीस दिलेली असते आणि ती कुणा नातेवाइकाच्या नजरेस पडते. मग आईवडिलांना मुलाच्या लग्नाची बातमी सरकारी भिंतीवरून कळते. त्या घरातलं दुःख मी जवळून पाहिलं आहे. त्यांचा विरोध लग्नाला होताच असं नाही. आपल्याला शेवटी कळवलं, ही गोष्ट त्यांच्या मनातून जात नाही. शिवाय एकत्र कुटुंबातल्या हिंदू मुलाने हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख नसलेल्या मुलीशी या कायद्याखाली लग्न केलं, तर तो कायद्याने एकत्र कुटुंबातून विभक्त झाला असं धरतात, आणि त्याच्या मिळकतीला १९२५चा भारतीय वारसा कायदा लागतो. गावाकडे सामाईक जमीन असेल, तर हे आधी वकिलाला विचारा आणि वडिलांनाही सांगा.

कायद्यांवर अजून बरंच सांगता येईल, पण आज तेवढं पुरे. कायदा वकील सांगेल, चर्चचे नियम फादर सांगतील. मला त्या दोघांच्या वहीकडे परत जायचं आहे.

त्यांनी प्रश्न लिहिले. ख्रिसमसच्या आदल्या रात्री तू माझ्याबरोबर मिस्साला येशील का? गणपतीत मी स्वयंपाकघरात हात लावीन, पण आरतीचं ताट हातात घ्यावं असं माझं मन घेत नसेल, तर तुझ्या आईला ते तू सांगशील की मी? श्रावणात घरात मासे शिजतील का? मुलाचं बारसं की बाप्तिस्मा, आणि त्याला प्रार्थना कोण शिकवणार? आपल्यातला एक जण गेला, तर त्याचे अंत्यविधी कोण ठरवणार, आणि कसे? हा शेवटचा प्रश्न लग्नाआधी जवळजवळ कुणी विचारत नाही. त्यांनी विचारला, आणि त्या दिवशी ती दोघं पहिल्यांदा एकमेकांशी खरं बोलली.

उत्तरं ऐकताना मी दोन गोष्टींकडे लक्ष देते, तुम्हीही द्या. प्रत्येक प्रश्नाला 'मला चालेल' म्हणणारा माणूस उदार असेलच असं नाही. बऱ्याचदा त्याने विचारच केलेला नसतो. आणि 'आईला मी पटवीन' हे उत्तर समजू नका. पटवणं लग्नाआधीच झालं पाहिजे, समोर बसून, तुम्ही दोघं हजर असताना. या मुलाने सुरुवातीला दोन्ही वाक्यं म्हटली होती. बाप्तिस्म्याच्या वचनाबद्दल तो 'कळलं' एवढंच बोलला होता. घरी वडिलांनी विचारलं, तेव्हा आपल्याला ते पटलं आहे की नाही, हेच त्याला सांगता येईना.

त्यांनी तारीख पुढे ढकलली. हॉलचे पैसे गेले. दोन्ही घरं एकत्र बसली, पहिल्या बैठकीत आवाज चढले, पुढच्या बैठकीत कमी चढले. शेवटी बिशपांची सूट घेऊन चर्चमध्ये लग्न झालं. मुलाच्या आईच्या इच्छेखातर मंगळसूत्राला फादरांनी तिथेच आशीर्वाद दिला. दुसऱ्या दिवशी मुलाच्या घरी जेवण झालं आणि थोरांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवले. बाप्तिस्म्याला मुलाने, आजीआजोबांसमोर, समजून होकार दिला. सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. त्याची आत्या लग्नाला आली नाही, अजूनही त्यांच्या घरी येत नाही. ते दुःख त्या दोघांनी उघड्या डोळ्यांनी पत्करलं आहे.

ज्यांचं लग्न आपल्याच धर्मात, आपल्याच जातीत ठरणार आहे, त्यांना वाटेल की हे आपल्यासाठी नाही. आहे, तुमच्यासाठीही आहे. माळकरी घरातली मुलगी आणि रविवारी मटणाशिवाय ज्यांचं भागत नाही असं सासर, दोन्ही हिंदू, पत्रिका जुळलेली. तिने माळ काढायची की त्याने वेगळी भांडी घ्यायची? रोज मिस्साला जाणारी मुलगी आणि फक्त नाताळला चर्चची पायरी चढणारा मुलगा, दोघं कॅथलिक. पत्रिकेत किंवा बाप्तिस्म्याच्या दाखल्यात हे लिहिलेलं नसतं. विचारावं लागतं, आणि तारखेच्या आधी विचारावं लागतं.

श्रद्धेबद्दल मी स्पष्ट बोलते, कारण मी श्रद्धाळू आहे. प्रार्थना करून जोडीदार निवडा, असं मी माझ्या मुलांनाही सांगते. पण प्रार्थना करून उठल्यावर वही उघडा. देवाने हा माणूस माझ्यासाठी ठरवलाय, असं म्हणून पैशांबद्दल, कर्जाबद्दल, दारूबद्दल न विचारणं याला मी श्रद्धा म्हणत नाही. आणि केवळ लग्नासाठी दोन दिवसांत धर्म बदलणं, मग तो कुठल्याही बाजूने असो, मला मान्य नाही. मनापासून यायचं असेल त्याने सावकाश यावं, लग्नाच्या नंतरही येता येतं.

आता इथे डाव्या बाजूला बसलेल्या पालकांशी बोलते. काकू, तुम्ही मघापासून मान हलवताय, तुमच्याशीच बोलते. मुलगी घरी येऊन म्हणाली, 'मला एक मुलगा आवडतो', तर पहिला प्रश्न जातीचा किंवा धर्माचा विचारू नका. तो विचाराच, तुमचा तो हक्क आहे, पण दुसरा किंवा तिसरा. पहिला विचारा, 'तू त्याच्याशी कशाकशाबद्दल बोललीस?' तिला उत्तर देता आलं नाही, तर रागावू नका, वही द्या. आणि तिने उत्तर दिलं, तर ते पूर्ण ऐका. ज्या घरात पहिल्या दिवशी आरडाओरडा झाला, तिथली मुलं दुसऱ्या दिवसापासून नोटीस कार्यालयाचा पत्ता शोधतात. सर, तुम्हीही पालक आहात, आजोबा झाला आहात असं आत्ता कळलं. नातवंडांना हा नियम तुम्हीच सांगा, तुमच्या तोंडून तो जास्त शोभतो.

प्राचार्यांनी घड्याळ दाखवलंय. बक्षीस वितरण बाकी आहे, नाटकाची मुलं विंगेत रंग लावून उभी आहेत. ज्यांना काही विचारायचं आहे, एकटं किंवा जोडीने, त्यांच्यासाठी मी कार्यक्रमानंतर ग्रंथालयाशेजारच्या खोलीत बसणार आहे. आमच्या तयारीवर्गाला कुठल्याही धर्माची जोडी येऊ शकते, आणि लग्न ठरलेलं असण्याची अट नाही. येताना वही घेऊन या.