रात्री पाय दुखतात, सकाळी मूल धावतं

(तरुण पालकांच्या बैठकीत एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी हे घडलेलं असेल. पाच-सहा वर्षांची मुलगी ईदच्या दिवशी सकाळपासून खालाकडे, मामूकडे, शेजारपाजारी हुंदडते. रात्री जेवून झोपते आणि अकरा-साडेअकराला रडत उठते. "अम्मी, पाय दुखतात." कुठे दुखतात विचारलं तर दोन्ही हात पोटऱ्यांवर, मांड्यांवर, गुडघ्यांच्या मागे फिरवते. एका बोटाने जागा दाखवत नाही. अम्मी पाय दाबून देते, दादी तेल गरम करून आणते. वीस मिनिटांत मुलगी झोपते. घरातली माणसं मात्र जागीच राहतात. आणि सकाळी ती मुलगी काहीच झालं नाही अशी जिना उड्या मारत उतरते.

अशीच एक मुलगी माझ्याकडे आली होती. दादी म्हणाली, "बेटा, हाडं वाढतायत, आमच्या वेळीही असंच व्हायचं." अम्मीने मोबाइलवर वाचून कॅन्सरपर्यंत मजल मारली होती. मुलीला तपासल्यावर मी दादीच्या बाजूने निकाल दिला, पण दादीचं कारण बरोबर नव्हतं.

हे दुखणं वाढीमुळे होतं असं सिद्ध झालेलं नाही. 'वाढीच्या वेदना' हे नाव १८२३ साली एका फ्रेंच डॉक्टरच्या लिखाणातून आलं आणि चिकटून बसलं. माणूस सर्वांत वेगाने वाढतो तो पहिल्या वर्षात आणि नंतर वयात येताना. हे दुखणं मात्र प्रामुख्याने तीन ते बारा वर्षांच्या मुलांत दिसतं, म्हणजे वाढ संथ असते तेव्हा. दिवसभराच्या धावपळीने थकलेले स्नायू आणि काही मुलांना वेदना जरा जास्त जाणवणं, असं काहीतरी त्यामागे असावं. दुखणं मात्र खरं असतं. मूल नाटक करत नाही, म्हणून त्याला "झोप गुपचूप" म्हणू नका.

नावापेक्षा महत्त्वाचं आहे ते या दुखण्याचं चित्र. दोन्ही पाय दुखतात. कधी एका रात्री डावा, दुसऱ्या रात्री उजवा. दुखतं ते मांसल भागात, सांध्यात नाही. संध्याकाळी किंवा रात्री दुखतं आणि सकाळी मागमूस राहत नाही. दाबल्याने, चोळल्याने बरं वाटतं आणि मूल स्वतःच "अजून दाब" म्हणतं. सलग तीन रात्री दुखेल, मग तीन आठवडे काहीच नाही. ताप नाही, लंगडणं नाही, भूक आणि खेळ नेहमीसारखे. हे सगळं जुळलं आणि तपासणीत मूल निरोगी आढळलं, तर एक्स-रे किंवा रक्ताच्या चाचण्यांची गरज नसते. पाय चोळा, कोमट पाण्याने शेका. झोपण्यापूर्वी पोटऱ्या आणि मांड्या हळू ताणायचे व्यायाम काही मुलांना उपयोगी पडतात. एखादी रात्र फारच वाईट गेली तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या. प्रत्येक किलोला साधारण १५ मिलिग्रॅम, म्हणजे १८ किलोच्या मुलाला एका वेळी २५० मिलिग्रॅमच्या आसपास. बाटलीवर ५ मिलिलिटरमध्ये किती औषध आहे ते आधी वाचा, कारण सिरप दोन-तीन वेगवेगळ्या ताकदींचं मिळतं. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नका. आणि रोज रात्री औषध लागायला लागलं, तर ते चित्र बदलल्याचं लक्षण समजा.

आता दुसरा मुलगा. वय सात. त्याचीही सुरुवात रात्रीच्या पायदुखीनेच झाली, म्हणून घरच्यांनी दोन आठवडे तेल लावलं. त्यात त्यांची काही चूक नव्हती. मीही कदाचित तेच सांगितलं असतं. पण तिसऱ्या आठवड्यापासून एकेक गोष्ट बदलत गेली. अम्मी पाय दाबायला गेली की तो हात झटकू लागला. दुखणं उजव्या गुडघ्याच्या वर येऊन थांबलं. सकाळी उठल्यावर दहा-पंधरा पावलं लंगडू लागला. मदरशातून घरी येताना "मला उचलून घ्या" म्हणू लागला. सात वर्षांचा मुलगा, गल्लीत क्रिकेटसाठी भांडणारा, आणि संध्याकाळी ओट्यावर बसून इतरांचा खेळ बघू लागला. मध्येमध्ये अंग कोमट लागायचं.

जवळच्या दवाखान्यात गुडघ्याचा एक्स-रे काढला. तो नॉर्मल आला. "कॅल्शियम कमी आहे" म्हणून एक बाटली आणि पुडीत बांधलेल्या काही गोळ्या मिळाल्या. दोन दिवसांत दुखणं गेलं. घरात सगळे खूश. दादीने मुलाच्या गळ्यात बांधलेल्या तावीजला श्रेय दिलं, अब्बूने कॅल्शियमला. गोळ्या संपल्या आणि आठवड्याभरात दुखणं परत आलं, आधीपेक्षा जास्त.

तो माझ्यासमोर आला तेव्हा मी आधी त्याची खालची पापणी खाली ओढून पाहिली. लालसर दिसायला हवी तिथे ती पांढुरकी होती. पोटावर आणि पाठीवर निळसर डाग होते. नडगीवरचे डाग मी मोजत नाही, ते प्रत्येक खेळकर मुलाला असतात. पण पोटावर, पाठीवर मुलं सहसा आपटत नाहीत. मानेत गाठी लागत होत्या आणि डाव्या बरगडीखाली प्लीहा हाताला लागत होती. गुडघ्याला सूज नव्हती, पण त्याच्या वरचं हाड अंगठ्याने दाबताच तो कळवळला.

सीबीसी केलं. हिमोग्लोबिन ८.२, प्लेटलेट ९० हजार, पांढऱ्या पेशी ५,६००. अब्बूने रिपोर्ट पाहून विचारलं, "पांढऱ्या पेशी तर नॉर्मल आहेत ना?" हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. रक्ताचा कॅन्सर म्हटलं की पांढऱ्या पेशी लाखावर असणार, असा समज आहे. पुष्कळ मुलांत त्या सुरुवातीला नॉर्मल किंवा कमीही असतात. कॅन्सरच्या पेशी हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत वाढत असतात. तिथली जागा भरत गेली की आतून दाब येतो आणि हाड दुखतं. त्याच गर्दीत लाल पेशी आणि प्लेटलेट बनायला जागा उरत नाही, म्हणून मूल पांढुरकं पडतं आणि अंगावर डाग उठतात. म्हणून यंत्राने मोजलेल्या आकड्यांवर न थांबता रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. त्याला पेरिफेरल स्मिअर म्हणतात. त्यात अपक्व पेशी दिसल्या. मग मज्जेची तपासणी झाली आणि अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हे निदान पक्कं झालं.

आता त्या पुडीकडे वळू. त्यात एक गोळी स्टेरॉइडची होती. स्टेरॉइड हे या कॅन्सरच्या उपचारातलंच एक औषध आहे. एकटं आणि थोडे दिवस दिलं तर कॅन्सरच्या पेशी तात्पुरत्या दबतात आणि दुखणं थांबतं, पण आजार आतच राहतो. त्यात वेळ जातो, रक्ताचं चित्र बिघडतं, आणि नेमका उपचार किती तीव्र द्यायचा हे ठरवणं डॉक्टरांना अवघड होतं. म्हणून पाय दुखणाऱ्या मुलाला निदान होण्याआधी स्टेरॉइड द्यायचं नाही. पुडीत बांधलेली, नाव नसलेली गोळी घेऊ नका. "यात काय आहे, चिठ्ठीवर लिहून द्या," असं विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे.

घाबरवायला मी हे सांगत नाही. पाय दुखणाऱ्या मुलांत हा आजार फार थोड्यांना असतो. आणि या मुलांचा उपचार दोन-अडीच वर्षं चालत असला, तरी चांगल्या केंद्रात तो पूर्ण करणारी बहुसंख्य मुलं बरी होतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये अशी मुलं येतात आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांना मदत मिळते. शिधापत्रिका आणि आधार कार्ड तयार ठेवा, धावपळ वाचते.

आता घरी काय पाहायचं ते सांगते. पाहायचं सकाळी, रात्री नाही. रात्री सगळीच मुलं रडतात. फरक सकाळी कळतो. मुलाला अनवाणी चालायला सांगा, मग चवड्यांवर, मग टाचांवर. एका पायावर पाच उड्या, मग दुसऱ्या पायावर पाच. उकिडवं बसून हात न टेकता उठायला सांगा. मुलाला हा खेळच वाटतो. मग दोन्ही गुडघे आणि घोटे शेजारी ठेवून बघा, एक सुजलेला किंवा गरम आहे का. सकाळी सांधा आखडलेला असतो आणि दिवस वर आला की मोकळा होतो, असं रोज होत असेल तर तो सांध्यांचा आजार असू शकतो.

एक गोष्ट घरच्यांना सहसा सुचत नाही, कधी डॉक्टरांनाही नाही. खुब्याचा आजार गुडघ्यात दुखतो. खुब्याकडून येणारी मज्जातंतूची शाखा गुडघ्यापर्यंत जाते, त्यामुळे मूल गुडघ्यावर हात ठेवतं आणि एक्स-रेही गुडघ्याचाच निघतो. चार ते आठ वर्षांच्या मुलांत, मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त, खुब्याच्या हाडाच्या गोल टोकाचा रक्तपुरवठा कमी पडून ते ठिसूळ होतं. त्याला पर्थिस म्हणतात. मुलाला उताणं झोपवा, खुबा आणि गुडघा काटकोनात वाकवा आणि पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला न्या. म्हणजे मांडी खुब्यात आतल्या बाजूला फिरते. दोन्ही बाजू सारख्या फिरायला हव्यात. एक बाजू अडली किंवा दुखली, तर डॉक्टरांना खुब्याचाही एक्स-रे काढायला सांगा.

भाषणाआधी एका तरुण अब्बूने विचारलं होतं, किती दिवस वाट पाहायची? पहिल्या मुलीसारखं चित्र असेल तर वाट पाहायला हरकत नाही, फक्त एकदा तपासून घ्या आणि चित्र बदलत नाही ना याकडे लक्ष ठेवा. एकच पाय, एकच जागा, सकाळचं लंगडणं, हात लावू न देणं, पांढुरकेपणा, वजन उतरणं किंवा पाठदुखी, यातलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. आणि ताप असलेलं मूल पाय जमिनीला टेकवतच नसेल, किंवा खुबा हलवू देत नसेल, तर सकाळचीही वाट पाहू नका. सांध्यात पू झाला असेल तर काही तासांतच कूर्चा खराब व्हायला लागते. अशा वेळी रात्री दोन वाजले असले तरी मोठ्या रुग्णालयात न्या. तेल लावत बसू नका, आणि ऑपरेशन लागण्याची शक्यता असते म्हणून वाटेत काही खायला देऊ नका.