घरमालकाची चिठ्ठी



आज आपण एका चिठ्ठीविषयी बोलू. चिठ्ठी चार ओळींची असते. पण ती वेळेवर मिळाली नाही, तर पोराच्या शाळेचे काम अडते.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीतले पुष्कळ लोक कामासाठी गाव सोडतात. कोणी बल्लारपूरकडे खाणीच्या आसपास मजुरी करतो. कोणी गडचिरोलीला बांधकामावर जातो. तिथे एक खोली भाड्याने घेतात. रेशनकार्ड गावचे. आधारकार्डावर पत्ताही गावचा. खोलीचे वीजबिल मालकाच्या नावाने येते. मग पोरगी सहा वर्षांची होते, आणि शाळेत विचारतात, "तुम्ही इथे राहता, हे कशावरून?"

समजा, भामरागडकडचे एक कुटुंब गडचिरोलीला दोन वर्षांपासून राहते. मुलीला पहिलीत घालायचे आहे. बाप काय करील?

आधी त्याने एक गोष्ट पाहावी. कोणत्या शाळेत घालायचे? कारण शाळा बदलली की कागदही बदलतो.

शाळा जिल्हा परिषदेची किंवा नगर परिषदेची असेल, तर काम सोपे आहे. मुलांच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत शिकण्याचा हक्क आहे. कामासाठी गाव सोडून आलेल्या घरांतल्या मुलांना शाळेत घेणे, हे त्या कायद्याने तिथल्या परिषदेचेच काम आहे. म्हणून नुसत्या पत्त्याच्या कागदासाठी अशा शाळेने मुलीला परत पाठवू नये. तरीही मालकाची चिठ्ठी जवळ असलेली बरी. तिने बोलणे लवकर आटपते.

आता चिठ्ठी मागायची कशी, ते पाहू. काही मालक चिठ्ठी द्यायला कचरतात. त्याला कारण असते. बोलणे असे होते :

"काका, पोरीचं नाव शाळेत घालायचं आहे. आम्ही तुमच्या खोलीत राहतो, एवढं लिहून द्या जी."

"लिहून देतो, पण उद्या तू म्हणशील, खोली माझी आहे. मग?"

"काका, चिठ्ठीतच लिहा की मी भाडेकरू आहे. खाली मी पण सही करतो. मग खोली तुमचीच, हे मीच कबूल केलं ना?"

हे उत्तर खरे आहे. ज्या कागदावर 'भाडेकरू' असे लिहिले आहे, त्याने भाडेकरू मालक होत नाही. दुसरी भीती घरपट्टी वाढण्याची असते. म्हणून भाडे किती, हे चिठ्ठीत लिहायला सांगू नका. शाळेला त्याची गरज नाही.

चिठ्ठी अशी लिहून घ्यावी. वर तारीख. मग मजकूर :

"मी (मालकाचे पूर्ण नाव) लिहून देतो की, (बापाचे पूर्ण नाव) हे माझ्या घर क्रमांक (अमुक), वॉर्ड (अमुक), गडचिरोली येथील खोलीत (अमुक) महिन्यापासून भाडेकरू म्हणून राहतात. त्यांची मुलगी (मुलीचे पूर्ण नाव) त्यांच्याजवळ राहते. ही चिठ्ठी मुलीच्या शाळेतील प्रवेशासाठी दिली आहे."

खाली मालकाची सही आणि फोन नंबर. त्याखाली भाडेकरूची सही. मालक अंगठा लावत असेल, तर शेजारच्या दोघांनी साक्षीदार म्हणून सही करावी. चिठ्ठीला मालकाच्या घरपट्टीच्या पावतीची नक्कल जोडावी. नक्कल जोडली म्हणजे सही करणाराच घराचा मालक आहे, हे शाळेला दिसते.

आता चुका कुठे होतात? पहिली चूक नावाची. जन्मदाखल्यावर एक नाव आणि चिठ्ठीत घरचे लाडके नाव, असे झाले की कागद परत येतो. म्हणून दाखला समोर ठेवून एकेक अक्षर ताडून पाहा. दुसरी चूक घर क्रमांकाची. तो आठवणीने लिहू नका. घरपट्टीच्या पावतीवरून उतरवा. तिसरी चूक सहीची. पावती म्हाताऱ्या बापाच्या नावाची, आणि सही मुलाची, असे चालत नाही. ज्याचे नाव पावतीवर, त्याची सही घ्या. तो वारला असेल, तर मुलाने चिठ्ठीत तसे लिहावे.

वेळेचेही ध्यान ठेवा. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. पण मे महिन्यात तेंदूपानाचा हंगाम असतो, आणि पुष्कळ घरे पाने तोडायला गावी जातात. परत येईपर्यंत मालक लग्नकार्याला गेलेला असतो. म्हणून गावी निघण्याआधीच, भाडे द्यायला जाल तेव्हा, चिठ्ठी मागून घ्या.

आता दुसऱ्या प्रकारची शाळा. त्याच कायद्याने खासगी शाळांत पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांच्या मुलांसाठी राखल्या आहेत. तिथे फी लागत नाही. पण तिथे जागा शाळा घरापासून किती लांब आहे, हे पाहून मिळते. म्हणून पत्ता कसून तपासतात. भाडेकरूजवळ स्वतःच्या नावाचा दुसरा पुरावा नसेल, तर तिथे साधी चिठ्ठी चालत नाही. सरकारी नोंदणी केलेला भाडेकरार लागतो. करार निदान ११ महिन्यांचा हवा, आणि तो अर्ज सुरू होण्याच्या आधीचा हवा. नंबर लागल्यावर केलेला करार धरत नाहीत. पुष्कळांची जागा इथेच जाते.

नोंदणीसाठी मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार लागतात. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० रुपये आणि शहरात १००० रुपये आहे. मुद्रांकाचे पैसे वेगळे. खर्च कोणी करायचा, हे मालकाशी आधीच बोलून घ्या. हे अर्ज शाळा उघडण्याच्या कितीतरी आधी निघतात. म्हणून ज्याला ही जागा हवी, त्याने दिवाळीनंतर लगेच कराराचे काम हाती घ्यावे.

एक गोष्ट करू नका. शाळेजवळच्या ओळखीच्या माणसाचा खोटा पत्ता लावू नका. अधिकारी घरी येऊन पाहू शकतात. तुम्ही तिथे सापडला नाहीत, तर मिळालेला प्रवेश रद्द होतो. तोवर दुसऱ्या शाळेतली जागाही गेलेली असते.

आणि मालकाने चिठ्ठी दिलीच नाही, तर? तर भाड्याच्या पावत्या असतील त्या न्या. मीच या पत्त्यावर राहतो, असे स्वतःच्या सहीने लिहून द्या. मुख्याध्यापकांना म्हणा, "गुरुजी, घरी येऊन पाहा." एवढ्यावरही परिषदेच्या शाळेने नाही म्हटले, तर भांडत बसू नका. "का घेत नाही, ते लिहून द्या" एवढेच मागा. ते लिहून देवोत की न देवोत, तुमचा अर्ज घेऊन पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. शाळा नगर परिषदेची असेल, तर नगर परिषदेच्या शिक्षण विभागात जा. अर्जाच्या दोन प्रती करा. एक तिथे द्या. दुसरीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख घ्या. ती प्रत आणि मालकाची चिठ्ठी मुलीच्या जन्मदाखल्याबरोबर एकाच पिशवीत ठेवा. पावसात खोली गळते, तेव्हा पिशवी प्लास्टिकची असू द्या.