आधी माणसं मोजा, मग साप ओळखू

गेल्या काही वर्षांत पावसाळा लागला की माझ्या मोबाइलवर रात्री-अपरात्री सापांचे फोटो येऊ लागतात. सोबत ना नाव, ना गाव. उंबऱ्याजवळ साप, एवढंच.

लातूरला असताना एकदा पहाटे तीनच्या सुमारास असाच एक फोटो आला. काळपट अंग, त्यावर पांढरे पट्टे. अर्धा साप दाराच्या चौकटीआड. पट्ट्यांवरून कवड्या वाटला. कवड्या बिनविषारी. त्याचे पट्टे मानेकडे ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं साधारण उलटं. तिचे पट्टे बहुधा जोडीजोडीनं असतात आणि मानेकडे विरळ होतात. पण फोटोत मानच नव्हती! तरी ‘कवड्या’ लिहून झालं होतं. पाठवण्याआधी, काय वाटलं कोण जाणे, मी फोन लावला.

फोन मुखेड तालुक्यातल्या एका वस्तीवर लागला. विचारलं, “भाऊ, कुणाला चावला का?”

“नाही सर.”

“साप आता कुठंय?”

“दिसंना गेला.”

“मग सगळे बाहेर या, लाईट लावा, हुडकू नका. खाली कोण झोपलं होतं?”

“माय झोपली होती. तिचं पोट दुखायलंय मघापासून. डोळेबी उघडंनात नीट.”

इथे माझी झोप उडाली. मण्यार बहुधा रात्री, झोपेत चावते. दुखत नाही, सूज नाही, दातांच्या खुणाही दिसतीलच असं नाही. मग पोट दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं बोबडं होतं आणि शेवटी श्वास थांबतो. म्हणून ‘चावला नाही’ या उत्तरावर थांबायचं नसतं.

मी सांगितलं, “१०८ ला फोन करा. मायला चालवू नका, काही बांधू नका, कापू नका. कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या दवाखान्यात न्या.” मण्यारीच्या विषावर नुसतं इंजेक्शन बऱ्याचदा पुरत नाही, श्वासाला यंत्राचा आधार लागतो. माय नांदेडला पोचली, दोन दिवस यंत्रावर राहिली आणि वाचली.

आता कुणी म्हणेल, साप ओळखल्याशिवाय औषध कसं देणार? आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच आहे. डॉक्टर ती रुग्णाची लक्षणं पाहून देतात. सापाचं नाव कळलं तर मदतच होते, पण त्यासाठी रुग्णाला थांबवायचं नसतं. आणि ‘जरा जवळून फोटो पाठवा’ म्हणणं म्हणजे दुसऱ्या माणसाला सापापाशी धाडणं.

त्या रात्री मी ‘कवड्या, बिनविषारी’ एवढंच पाठवलं असतं, तर त्या घरानं पोटदुखीवर ओवा दिला असता आणि दिवा मालवला असता. तेव्हापासून फोटो आला की मी आधी फोन लावतो. घरात माणसं किती, खाली कोण झोपलं होतं, कुणाला काही होतंय का, साप आता कुठे आहे, हे विचारतो. फोटो मोठा करून बघतो तो त्यानंतर.