५ मेच्या आत: स्काइपवरचं बोलणं घरी कसं आणायचं

आज १२ एप्रिल. स्काइप ५ मे २०२५ ला बंद होणार, हे मायक्रोसॉफ्टने २८ फेब्रुवारीला जाहीर केलं. म्हणजे आपल्या हातात तेवीस दिवस आहेत. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बातमी वाचली असेल आणि 'आता कोण वापरतं स्काइप' म्हणून सोडूनही दिली असेल. पण इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळूर इथल्या मराठी घरांतून ज्यांची मुलं २००८-१० च्या सुमारास परदेशी गेली, त्यांची पहिली पाच-सात वर्षं स्काइपवरच गेली. व्हॉट्सअॅप नंतर आलं. ती वर्षं हवी असतील तर आजचं बोलणं तुमच्यासाठी आहे.

आधी तारखांचा घोळ सोडवू. ५ मे ही दुकानाला कुलूप लागण्याची तारीख आहे. गोदामातला माल, म्हणजे तुमचं जुनं बोलणं, जानेवारी २०२६ पर्यंत ठेवू असं कंपनीने जाहीर केलंय. त्यामुळे 'अजून वेळ आहे' असं पुष्कळांना वाटतं. मी मात्र ५ मेच धरून चाला म्हणतो. जुन्या फोनवर, टॅबवर तुमचं खातं आज उघडं आहे. ते एकदा बंद झालं की पासवर्ड लागतो, आणि पासवर्ड परत मिळवायचा कोड जातो बारा वर्षांपूर्वीच्या मोबाइल नंबरवर. तो नंबर आज कोणाकडे आहे, देव जाणे. म्हणून जिथे खातं उघडं आहे तिथून 'साइन आउट' करू नका, आणि खात्याला आजचा नंबर आणि आजचा ई-मेल आधी जोडून घ्या.

आता माझ्या मावशीची गोष्ट सांगतो, कारण त्यात सगळ्या अडचणी एकत्र आल्या. मावशी बडोद्याला असते. तिची मुलगी, माझी मावसबहीण, २०१० मध्ये टोरोंटोला गेली. काका २०१५ मध्ये गेले. मी डेटाबेसचं काम करतो म्हणून मार्चमध्ये मला फोन आला, "अरे, ते स्काइप बंद होतंय म्हणे, आमचं सगळं काढून दे."

पहिला भाग सोपा होता. मावशीच्या टॅबवर खातं उघडं होतं, पासवर्ड तिच्या वहीत होता. ब्राउझरमध्ये `secure.skype.com/en/data-export` हे पान उघडलं. तिथे दोन चौकोन असतात, एक बोलण्याचा आणि एक फायलींचा. दोन्हींवर खूण करा. फक्त पहिल्यावर केली तर शब्द येतात, फोटो येत नाहीत. विनंती पाठवली की फाइल लगेच हातात पडत नाही. ती तयार व्हायला वेळ लागतो, आणि नंतर त्याच पानावर परत येऊन ती उतरवून घ्यावी लागते. विनंती पाठवून निश्चिंत झालेले लोक मी पाहिलेत. विनंती म्हणजे फाइल नव्हे.

येते ती `.tar` नावाची गाठोडी. विंडोजवर `7-Zip` ने ती सुटते. आत `messages.json` नावाची एक फाइल आणि `media` नावाचा फोल्डर असतो. ती फाइल नुसती उघडलीत तर कंसांचं जंगल दिसेल. घाबरू नका. मायक्रोसॉफ्टच्याच मदतीच्या पानावर ती वाचायचं एक छोटं साधन मिळतं. ते उतरवायचं, त्यातली `index.html` उघडायची आणि तिला ही फाइल दाखवायची. मग डावीकडे माणसांची नावं, उजवीकडे बोलणं. फोटोंची नावं मात्र लांबलचक आकड्यांची असतात. तोच आकडा संदेशातल्या दुव्यात असतो, त्यावरून कोणता फोटो कुठल्या बोलण्यातला ते जुळवता येतं. हजार फोटो असतील तर हे कंटाळवाणं काम आहे. मी फक्त मावशीने निवडलेल्या चाळीसेक फोटोंचं केलं.

मी सगळं लावून मावशीपुढे ठेवलं. तिने दहा मिनिटं खाली-वर केलं आणि विचारलं, "ह्यांचं कुठाय?"

काकांचं त्यात काहीच नव्हतं. का, ते नीट समजून घ्या, कारण तुमच्याही घरी हेच होणार आहे. एक तर काकांचं खातं वेगळं होतं. पण ते एकच असतं तरी फरक पडला नसता. स्काइप सुरू झालं तेव्हा बोलणं कंपनीच्या सर्व्हरवर साठत नव्हतं, ते ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर राहायचं. सर्व्हरवर कायम साठवायची पद्धत नंतर आली. म्हणून आज कंपनीकडून मिळणारं बोलणं साधारण एप्रिल २०१७ पासूनचंच असतं. तुम्ही कितीही वेळा विनंती पाठवा, २०१२ चं बोलणं येणार नाही. आलेल्या फाइलमधला सगळ्यात जुना संदेश कोणत्या तारखेचा आहे ते आधी बघा. तो २०१७ चा निघाला आणि तुम्ही स्काइप त्याआधीपासून वापरत होतात, तर उरलेलं दुसरीकडे शोधायचंय.

कुठे? माळ्यावर. काकांचा विंडोज ७ चा लॅपटॉप तिथे पिशवीत होता. चार्जर जुना, बॅटरी मेलेली. तो सुरू करायचा आग्रह मी धरला नाही. तळाचे स्क्रू काढून हार्ड डिस्क बाहेर घेतली आणि यूएसबीची जोडवायर लावून माझ्या लॅपटॉपला जोडली. अशी वायर कॉम्प्युटरच्या दुकानात पाचशेच्या आसपास मिळते. तुमचा जुना लॅपटॉप सुरू होत असला तर उत्तमच, पण त्यावर स्काइप उघडू नका. आधी फोल्डरची नक्कल करून घ्या, मग काय ते.

तो फोल्डर लपवलेला असतो. विंडोजचं बटण आणि `R` एकत्र दाबा आणि `%appdata%\Skype` असं लिहा. (डिस्क बाहेरून जोडली असेल तर `Users` मध्ये त्या माणसाच्या नावाखाली `AppData\Roaming\Skype` शोधा.) तिथे प्रत्येक खात्याच्या नावाचा एक फोल्डर दिसेल आणि त्यात `main.db`. सगळं जुनं बोलणं या एका फाइलीत असतं. तिला पासवर्ड नसतो. काकांचा पासवर्ड कोणालाच माहीत नव्हता, तरी फाइल उघडली ती यामुळेच. याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या: जुना लॅपटॉप भंगारात दिलात तर ती फाइलही त्याच्याबरोबर जाते आणि कोणीही वाचू शकतो.

`DB Browser for SQLite` नावाचा फुकट प्रोग्राम आहे. त्यात फाइलीची नक्कल उघडा, मूळ फाइल नाही, आणि ही आज्ञा चालवा:

```
SELECT datetime(timestamp,'unixepoch','+330 minutes'),
       from_dispname, body_xml
FROM Messages WHERE type = 61
ORDER BY timestamp;
```

६१ म्हणजे साधा लिखित संदेश. ३३० मिनिटं म्हणजे साडेपाच तास. स्काइप वेळ ग्रीनिचची लिहून ठेवतं, आपल्याला भारतातली हवी. हे केलं नाही तर पहाटे साडेपाचच्या आधीचे सगळे संदेश आदल्या तारखेला जाऊन बसतात. काका चार वाजता उठणारे. वाढदिवसाचे आशीर्वाद आदल्या दिवशी दिलेले दिसले असते आणि मावशीने फाइलच खोटी ठरवली असती.

चार हजारांवर ओळी निघाल्या. त्या `.csv` म्हणून साठवल्या. इथे मराठीत लिहिणाऱ्यांनी एक सांभाळायचं. अशी फाइल एक्सेलमध्ये नुसती दोनदा टिचकी मारून उघडली तर देवनागरीची खिचडी दिसू शकते. फाइल बिघडलेली नसते, एक्सेल ती चुकीच्या लिपीसंचात वाचत असतं. `Data` मध्ये जाऊन `From Text/CSV` निवडा आणि `65001: Unicode (UTF-8)` सांगा, अक्षरं जागेवर येतात. आणि खिचडी दिसत असताना `Save` दाबू नका, नाहीतर ती कायमची होते.

आता जे मिळणार नाही त्याबद्दल. कॉलमधलं बोलणं कुठेच नाही. कोणाला कॉल केला आणि तो किती सेकंद चालला, एवढीच नोंद राहते. जुन्या काळी पाठवलेल्या फायली थेट एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जायच्या, त्यामुळे `main.db` मध्ये त्यांचा फक्त पत्ता असतो. आलेल्या फायली `My Skype Received Files` नावाच्या फोल्डरात सापडतात का बघा. काकांच्या तिथे नातवाचे अकरा फोटो होते, जे मावसबहिणीकडेही उरले नव्हते. स्काइपमधली खासगी, कुलूपबंद बोलणी असतील तर ती ज्या फोनवर झाली त्यावरच असतात. कंपनीच्या गाठोडीत ती येत नाहीत आणि टीम्समध्येही जात नाहीत. ती हवी असतील तर ५ मेच्या आत पडद्याचे फोटो काढणं हाच मार्ग.

टीम्सबद्दल मला सगळे विचारतात. स्काइपच्याच नावाने टीम्सच्या मोफत आवृत्तीत शिरलं की माणसं आणि बोलणं तिथे दिसतं. रोजच्या वापराला ठीक आहे. पण ते पुन्हा दुसऱ्याच्याच घरात ठेवणं झालं, आणि २०१२ तिथेही नाही.

सगळं वाचता येऊ लागल्यावर मी एक गोष्ट मुद्दाम केली. मावशीला देण्याआधी मावसबहिणीला फोन केला. ते बोलणं बाप-लेकीचं होतं, आईला न सांगितलेलं त्यात काही असू शकतं. तिने रात्रभर वाचलं, २०१३ मधले दोन आठवडे बाजूला ठेवायला सांगितले, आणि बाकीचं दे म्हणाली. ते दोन आठवडे मी वाचले नाहीत. ती प्रत फक्त तिच्याकडे आहे.

मावशीसाठी मी उरलेलं मोठ्या टायपात छापून बांधून घेतलं, आणि मूळ `main.db`, गाठोडी आणि फोटो दोन पेनड्राइव्हवर ठेवले. एक बडोद्याला, एक टोरोंटोला. कॉलच्या नोंदी छापायचा विचार नव्हता. पण मावशीने विचारलं, शेवटचा कॉल किती वेळ झाला होता? नोंद होती २७५४ सेकंदांची. म्हणजे पंचेचाळीस मिनिटं चोपन्न सेकंद. मग सगळ्या कॉलच्या तारखा आणि मिनिटं पुस्तकात शेवटी घातली.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. विनंती पाठवा, कारण फाइल तयार व्हायला वेळ लागतो. तोवर माळा बघा. आणि कोणत्याही जुन्या फोनवरून स्काइप काढून टाकू नका. फोनवर साठलेलं सगळं त्या अॅपच्या पोटातच असतं, अॅप काढलं की तेही जातं. सगळ्यात जुना संदेश कोणत्या तारखेचा निघाला ते मला कळवा. २०१७ च्या आधीचं अडलं असेल तर आपण पुढच्या शनिवारी एकेकाचं घेऊन बसू.