घाईने घरी येणारा बाप



नागपुरात आईच्या कवितेवर बोलायचं असतं, तर काम सोपं होतं. ग्रेस याच गावचे. त्यांच्या कवितेतली आई आपण गाण्यांतूनही ऐकलेली आहे. यशवंत, माधव जूलियन, साने गुरुजींची श्यामची आई, अशी वाट आधीच मळलेली आहे. बापाच्या वाटेवर मात्र फारशी पावलं उमटलेली नाहीत. आई बोलते, रडते, जवळ घेते, त्यामुळे कवीला धरायला काहीतरी मिळतं. बाप बोलतच नसेल, तर त्याचं प्रेम कवितेत आणायचं कसं? या प्रश्नासाठी आज मी दिलीप चित्रे यांची एक कविता निवडली आहे.

चित्रे मराठीतले मोठे कवी. 1938 साली बडोद्यात जन्मले, 1951 मध्ये कुटुंबासोबत मुंबईला आले, 2009 मध्ये पुण्यात वारले. त्यांनी तुकाराम इंग्रजीत नेला. 1980 च्या एका संग्रहात त्यांची ही इंग्रजीतली कविता आहे: बाप रात्री लोकलने घरी परततो, एवढाच विषय. बारा-बारा ओळींची दोन कडवी. तुमच्या मुलामुलींपैकी अनेकांनी ती क्रमिक पुस्तकात वाचलीही असेल.

पहिल्या कडव्यात बाप उशिराच्या गाडीत उभा आहे. पिवळा उजेड, गप्प प्रवासी, खिडकीबाहेर सरकणारी उपनगरं, पण त्याचं तिकडे लक्ष नाही. पावसाळा आहे. शर्ट-पँट ओली, काळ्या रेनकोटला चिखल, पुस्तकांनी गच्च भरलेली पिशवी उसवायला आलेली. तो उतरतो, फलाट ओलांडतो, रूळ ओलांडतो, गल्लीत शिरतो. दुसऱ्या कडव्यात घर येतं. फिक्का चहा, शिळी चपाती, हातात पुस्तक. तो संडासात जाऊन विचार करत बसतो. बाहेर येऊन बेसिनपाशी हात धुताना थरथरतो आणि मनगटावरच्या पिकत चाललेल्या केसांना पाण्याचे थेंब अडकून राहतात. घुम्या मुलांनी आपले विनोद आणि गुपितं त्याच्यापासून अनेकदा दूर ठेवलेली आहेत. मग तो रेडिओची खरखर ऐकत झोपी जाणार आहे.

कविता एवढीच आहे. प्रेमाचा उल्लेख कुठेही नाही. चहा कुणी केला हे सांगितलेलं नाही. ‘आलात का?’ असं कुणी विचारत नाही. मग आपण ही प्रेमाची कविता आहे असं कशाच्या आधारावर म्हणायचं?

माझं बोट पहिल्या कडव्याच्या शेवटावर आहे. गाडीतून उतरल्यावर हा माणूस घाई करतो आणि कवी ती घाई दोनदा नोंदवतो. चपलांना चिखल चिकटलाय, पाऊल जड झालंय, तरी तो घाईने पुढे जातोय. कुठे? तर जिथे त्याच्याशी कुणी बोलत नाही त्या घरात. शिळ्या चपातीसाठी कुणी इतकी घाई करत नाही. रोज न बोलणाऱ्या मुलांकडे रोज घाईने येणं, हेच या बापाचं बोलणं आहे. तो स्वतः हे कधी सांगणार नाही आणि कवीही सांगत नाही. कवी फक्त त्याची चाल दाखवतो.

पिशवीचंही तसंच. चित्र्यांचे वडील पुरुषोत्तम चित्रे बडोद्याहून ‘अभिरुची’ हे वाङ्मयीन मासिक काढत. कवितेतला बाप म्हणजे तेच, असं मी म्हणणार नाही. कविता म्हणजे जन्मदाखला नव्हे. पण ज्या घरात बापाच्या फाटक्या पिशवीतून पुस्तकं येत असतील, त्या घरातला मुलगा कवी झाला तर त्यात बापाने काय दिलं, हे वेगळं शोधावं लागत नाही.

आता दुसरी कविता, अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातली. रॉबर्ट हेडन हे कृष्णवर्णीय कवी 1913 मध्ये तिथे जन्मले आणि गरीब वस्तीत पालक आई-वडिलांकडे वाढले. त्यांची चौदा ओळींची कविता 1962 च्या संग्रहात आहे. त्यातला बाप आठवडाभर कष्ट करून हात फाटलेला, तरी रविवारीही पहाटेच्या काळ्यानिळ्या थंडीत उठतो आणि विस्तव पेटवतो. खोल्या उबदार झाल्यावर मगच मुलाला हाक मारतो. मुलाचे ठेवणीतले बूटही त्याने पॉलिश करून ठेवलेले असतात. त्याचे आभार कुणी मानत नाही. मुलगा त्याच्याशी तुटकपणे बोलतो.

ही कविता नागपुरात समजावून सांगावी लागत नाही. इथे फक्त ऋतू उलटा करायचा. मे महिन्यात रात्री नळ येईल तेव्हा उठून बादल्यांनी कूलरची टाकी भरणारा, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारणारा आणि सकाळी ‘इतका वेळ कूलर कशाला लावता रे?’ म्हणून ओरडणारा बाप आपल्यापैकी कितीतरी घरांत होता. माझ्याही घरात होता. पैसे हवे असले तर आम्ही आईला सांगायचो, आई त्यांना सांगायची, आणि ते माझ्याकडे न बघता तिला म्हणायचे, ‘विचार त्याला, पुरतील का.’ पैसे मात्र मागितल्यापेक्षा थोडे जास्तच असायचे.

पण इथे जरा थांबूया, कारण याच जागी पुष्कळ कविता घसरतात. ‘बाप मारायचा, पण त्याच्या मनात माया होती’ असं म्हटलं की टाळी पडते. हेडन ही टाळी घेत नाही. घर उबदार झालं तरी मुलगा अंथरुणातून हळूहळूच उठतो, कारण त्या घरात मुरलेल्या रागाची त्याला भीती वाटते. ही भीती कवीने कवितेतून काढून टाकलेली नाही. विस्तवही खरा, रागही खरा. पहिल्यामुळे दुसरा माफ होत नाही.

मला वाटतं, मुक्या बापाची कविता पारखायची खूण हीच. तिच्यात बापाने केलेली, डोळ्यांना दिसणारी, रोजची एखादी गोष्ट असली पाहिजे, आणि तिची किंमत त्याच्या अंगाने मोजलेली असली पाहिजे: फाटलेले हात, ओले कपडे, जड पाऊल. नुसतं गप्प असणं म्हणजे प्रेम नव्हे. कितीतरी बाप गप्प असतात, कारण त्यांना घराशी घेणंदेणंच नसतं. कवितेने नुसत्या मौनाला प्रेमाचं नाव दिलं, तर घरातल्या खऱ्या जखमा झाकल्या जातात, आणि ज्या आईने त्या मौनाचा भार वाहिला तिच्यावरही अन्याय होतो.

दोन्ही कवितांत एक मोठा फरक आहे. हेडन भूतकाळात लिहितो. मोठा झालेला मुलगा शेवटी स्वतःलाच विचारतो की तेव्हा मला काय कळत होतं, आणि तोच प्रश्न लगेच पुन्हा विचारतो. त्याला उशिरा का होईना, कळलेलं आहे. चित्रे वर्तमानकाळात लिहितात. बाप आत्ता गाडीत आहे, आत्ता हात धुतोय. इथे पश्चात्तापाची सोय नाही. मुलगा बघतोय, मनगटावरचे थेंबसुद्धा टिपतोय, आणि तरीही उठून ‘बाबा, आज उशीर झाला?’ असं विचारत नाही. माझ्या मते हीच कविता जास्त कठीण आणि जास्त खरी आहे. गप्पपणा एकट्या बापाचा नाही, तो मुलानेही उचललेला आहे.

आणि शेवटी बापाच्या झोपेत कोण येतं ते बघा. त्याला पूर्वज दिसतात, नातवंडं दिसतात, अरुंद खिंडीतून या उपखंडात शिरणाऱ्या भटक्या टोळ्या आठवतात. हजारो वर्षांचा पल्ला आहे, पण त्यात त्याच घरातली त्याची स्वतःची मुलं नाहीत. मधली एक पिढी त्याने गाळली आहे. ही गाळलेली जागा ज्याने ओळखली, तो त्या गाळलेल्यांपैकीच एक आहे, आणि कविता त्यानेच लिहिली आहे.